अबोल्याला उत्तर देणारा निरोप

अबोला म्हणजे घरातली सगळी भाषा थांबणे नव्हे. कामापुरते शब्द चालूच राहतात: "डबा भरलाय", "किल्ली टेबलावर आहे", "उद्या गॅसवाला येणार आहे". तेही नको झाले तर मुलांच्या तोंडून निरोप जातात, "बाबांना सांग, जेवण वाढलंय". थांबते ते एकमेकांशी असलेले बोलणे, म्हणजे काय झाले, काय लागले, काय हवे आहे हे सांगणे. असे दोन-तीन दिवस गेले की दोघांपैकी ज्याला शांतता जास्त असह्य होते तो मोबाइल हातात घेतो. समोरासमोर जे बोलता येत नाही ते लिहून पाठवता येईल असे त्याला वाटते, आणि ते बरेचसे खरेही आहे. निरोप वाचणाऱ्याला लगेच चेहरा दाखवावा लागत नाही. तो आपल्या वेळेला वाचू शकतो, पुन्हा वाचू शकतो, विचार करून उत्तर देऊ शकतो.

लिहिण्यात तोटाही आहे. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ईमेल लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण हे वाक्य खरेपणाने लिहिले की उपरोधाने, ते वाचणाऱ्याला सहज कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज नाणे उडवून केलेल्या अंदाजांपेक्षा फारसे सरस निघाले नाहीत. ते प्रयोग साध्या विषयांवरचे होते. रागावलेल्या माणसाच्या हातात तोच मजकूर पडला तर तो कुठल्या सुरात वाचला जाईल, याचा अंदाज करणे अवघड नाही. "बोल ना" हे दोन शब्द लिहिणाऱ्याच्या मनात विनवणीचे असतात. वाचणाऱ्याला ते हुकमासारखे ऐकू येतात.

अबोल्याला उत्तर देण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखावे लागते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या साथीने जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. जोडपी वादाच्या विषयावर बोलत असताना त्यांच्या हृदयाचे ठोके, घाम, रक्ताभिसरण यांची नोंद घेतली जाई. बोलणे बंद करून भिंतीसारखा बसलेला माणूस बाहेरून थंड दिसत असला तरी आतून अनेकदा विलक्षण उद्दीपित असतो, असे त्यांत दिसले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकणेच कठीण होते. एका प्रयोगात यंत्रांत बिघाड झाल्याचे सांगून जोडप्यांचा वाद मध्येच थांबवला गेला आणि त्यांना अर्धा तास मासिके चाळायला दिली. पुन्हा बसल्यावर तीच माणसे त्याच विषयावर बऱ्याच शांतपणे बोलू लागली. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात हा गॉटमन यांचा सल्ला अशा निरीक्षणांतून आला आहे. मात्र त्या वीस मिनिटांत "मला असं बोललीच कशी" हेच मनात घोळत राहिले तर शरीर शांत होत नाही. कित्येक घरांत अबोला दिवसेंदिवस लांबतो त्याचे हे एक कारण आहे.

गॉटमन यांच्या नोंदींत असे भिंत होऊन बसणाऱ्यांत सुमारे पंच्याऐंशी टक्के पुरुष होते. ती अमेरिकी जोडपी होती, हे लक्षात ठेवलेले बरे. मराठी घरांत बायकोचा अबोलाही तितकाच ओळखीचा आहे, आणि उघड भांडण करण्याची मुभा नसलेल्या बाईजवळ पिढ्यान्पिढ्या तेवढे एकच साधन उरलेले असे.

भरून आल्यामुळे आलेली शांतता हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार दुखावल्याचा. राग ओसरलेला असतो, पण सुरुवात कोणी करायची हे ठरत नाही. आपण आधी बोललो तर आपले दुखणे खोटे ठरेल असे वाटत राहते आणि दोघेही वाट पाहत बसतात. तिसरा प्रकार शिक्षेचा. त्यात गप्प बसणारा शांत असतो, इतरांशी हसून बोलतो, आणि समोरच्याने एखादी गोष्ट कबूल केली किंवा सोडून दिली की त्याच क्षणी बोलू लागतो. पहिल्या दोन प्रकारांत नीट लिहिलेला निरोप खूप काम करतो. तिसऱ्यात तो वेगळा लिहावा लागतो आणि त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवता येत नाही.

ज्याच्याशी अबोला धरला गेला आहे त्याची अवस्था सहन करण्याजोगी नसते. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने वगळले जाण्याचा माणसावर काय परिणाम होतो यावर आयुष्यभर काम केले. त्याच्या प्रसिद्ध प्रयोगात पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात, आणि थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याला चेंडू देणेच बंद करतात. काही मिनिटांच्या या खेळाने माणसे उदास होतात. आपण कुणाचे तरी आहोत, आपल्याला किंमत आहे, परिस्थिती थोडीतरी आपल्या हातात आहे, आपण दखल घेण्याजोगे आहोत, या चारही भावनांना धक्का बसतो. समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे हे आधी सांगितले तरी धक्का बसतोच. अनोळखी खेळाडूंनी चेंडू न दिल्याने इतके होत असेल, तर रोज एका ताटाजवळ बसणाऱ्या माणसाने पाठ फिरवल्यावर काय होत असेल?

त्यामुळे अबोला सोसणारा जोर लावतो. तो विचारतो, पुन्हा विचारतो, कारणे देतो, आवाज चढवतो. गप्प बसलेल्याला हा मारा वाटतो आणि तो आणखी आत जातो. अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी 1980च्या दशकापासून या मागणी-आणि-माघार चक्राचा अभ्यास केला. 2014 साली पॉल श्रॉट आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे 74 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत चौदा हजारांहून अधिक लोक होते. हे चक्र जिथे जास्त तिथे नात्यातले समाधान कमी, असे त्यातून दिसले. या चक्राची फार दुःखद बाब अशी की दोघांनाही आपण फक्त प्रत्युत्तर देत आहोत असे वाटते. "तो बोलत नाही म्हणून मी मागे लागते" आणि "ती मागे लागते म्हणून मी बोलत नाही" ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी असतात. मागणी करणाऱ्याला माघार घेणाऱ्याचे वागणे बदलता येत नाही. स्वतःचा पुढचा निरोप मात्र बदलता येतो.

तो निरोप कसा बदलतो हे एका काल्पनिक, पण नेहमीच्या प्रसंगातून पाहता येईल. ठाण्यात राहणारे पस्तिशीतले जोडपे आहे. दोघेही नोकरी करतात. नवऱ्याने पुतण्याच्या प्रवेशासाठी धाकट्या भावाला चाळीस हजार रुपये पाठवले. बायकोला ते चार दिवसांनी बँकेच्या खात्यावरून कळले. रविवारी दुपारी, सासूबाई जेवायला बसलेल्या असताना ती म्हणाली, "या घरात मला विचारून काही होतं का?" तो ताटावरून उठला. तेव्हापासून कामापुरते शब्द. बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये तिने लिहायला घेतले. पहिला मजकूर असा होता:

"तीन दिवस झाले, एक शब्द बोलला नाहीस. मी अशी काय मोठी चूक केली? तुझं नेहमीचंच आहे, विषय निघाला की तोंड बंद. आज रात्री मला बोलायचंच आहे, नाहीतर मी आईकडे जाते. वाचलंस तर निदान उत्तर तरी दे."

या मजकुरातले दुःख खरे आहे, आणि तिची तक्रारही रास्त आहे. तरीही यातल्या प्रत्येक वाक्याने नवऱ्याचा उत्तर देण्याचा रस्ता अरुंद होतो. "तीन दिवस झाले" ही मोजणी आरोपपत्रासारखी वाचली जाते. "मी काय चूक केली" या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. "काही नाही" म्हटले तर त्याच्या रागाला कारणच उरत नाही, आणि चूक सांगितली तर नवे भांडण सुरू होते. "नेहमीचंच" या शब्दाने रविवारची गोष्ट त्याच्या स्वभावावर गेली. आता त्याला एका दुपारबद्दल बोलून भागणार नाही, सगळ्या संसाराचा बचाव करावा लागेल. पुढे मुदत आणि धमकी एकाच वाक्यात आल्या आहेत. रात्री तो बोलला तरी ते धमकीमुळे बोलणे ठरेल, आणि दोघांनाही ते ठाऊक असेल. शेवटच्या वाक्याने तर वाचणे हीच एक जबाबदारी करून टाकली. निळ्या खुणा उमटल्या की उत्तर द्यायचे बंधन आले, म्हणून असे निरोप माणसे उघडतच नाहीत.

तिने तो खोडला आणि दुसरा लिहिला:

"सगळी चूक माझीच आहे. मला माफ कर. तू बोलला नाहीस की मला काही सुचत नाही, जेवण जात नाही. प्लीज बोल ना रे."

हा मवाळ दिसतो, त्यामुळे त्यातला दबाव चटकन लक्षात येत नाही. तिचे जेवणे, तिला सुचणे, सगळे त्याच्या बोलण्यावर टांगले आहे. तो आता गप्प राहिला तर निर्दय ठरतो. शिवाय सगळी चूक तिची नाहीच. न विचारता पैसे गेले हा प्रश्न उरतोच, आणि आज अबोला मोडावा म्हणून तो गिळला तर महिन्याभराने दुप्पट कडवटपणाने वर येतो. न केलेल्या चुकीची माफी मागून मिळवलेली शांतता टिकत नाही, आणि गप्प बसले की समोरचा नमतो हे मात्र त्यातून शिकवले जाते.

संध्याकाळी घरी येण्याआधी तिने तिसरा मजकूर लिहिला आणि तो पाठवला:

"रविवारी आईंसमोर मी जे बोलले ते तिथे बोलायला नको होतं. तुला ते लागलं असेल. पैशांचं मला आधी कळायला हवं होतं असं मला वाटतं, ते आपण दोघंच असताना बोलू. आधी तुझी बाजू ऐकायची आहे. आज नको असेल तर आज नको. शनिवारी सकाळी चहानंतर अर्धा तास चालेल का, की तुला दुसरी वेळ बरी? घाई नाही, जमेल तेव्हा सांग."

सुरुवात एका ठरावीक प्रसंगापासून झाली आहे आणि त्यातला तिचा स्वतःचा वाटा तेवढाच मान्य केला आहे. पैशांबद्दल विचारले हे चुकले असे ती म्हणत नाही. आईंसमोर विचारले हे चुकले असे म्हणते. त्या कबुलीला "पण" जोडलेला नाही. "मी बोलायला नको होतं, पण तूही..." असे लिहिले असते तर माफी तिथेच संपून फिर्याद सुरू झाली असती. सुरुवातीला इतके महत्त्व देण्याचे कारण आहे. सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी 1999 साली 124 नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाच्या संभाषणातली पहिली तीन मिनिटे पाहून पुढच्या वर्षांत कोणती जोडपी विभक्त होतील याचा बराचसा अंदाज बांधता आला, कारण कडवट सुरुवात झालेले बोलणे पुढे क्वचितच सावरत होते. लेखी निरोपात ही तीन मिनिटे पहिल्या वाक्यातच संपतात.

"तुला ते लागलं असेल" यात अंदाज आहे. "तू रागावला आहेस" असे ठामपणे लिहिले की समोरच्याला ते नाकारावेसे वाटते, कारण त्याच्या मनातले त्याच्या आधी कुणीतरी ठरवून टाकलेले असते. स्वतःच्या बाबतीत मात्र ती स्पष्ट आहे. पैशांचे आधी कळायला हवे होते, असे तिला वाटते. "तू लपवलंस" असे न म्हणता स्वतःला काय वाटले ते सांगण्याची ही रीत थॉमस गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात पालकांच्या प्रशिक्षणवर्गांतून रुजवली. नवरा-बायकोंनाही ती तितकीच उपयोगी पडते. विषय लिहून टाकल्याचा आणखी एक लाभ आहे. "आपल्याला बोलायला हवं" एवढेच लिहिले तर वाचणारा दिवसभर सगळ्यात वाईट शक्यता रंगवत बसतो. इथे कशावर बोलायचे, किती वेळ बोलायचे आणि आधी कोणाचे ऐकले जाईल, हे तिन्ही कळते.

शेवटी वेळ सुचवली आहे, पण ती बदलण्याची मोकळीक ठेवूनच. या प्रश्नाला "हो" किंवा "रविवारी" असे एका शब्दात उत्तर देता येते. गप्प बसलेल्या माणसाला पहिला शब्द काढणे सगळ्यात जड असते, म्हणून तो शब्द जितका स्वस्त करता येईल तितका करावा. आणि "आज नको असेल तर आज नको" हे वाक्य तिला खरोखर पाळता आले पाहिजे. मार्शल रोझेनबर्ग यांनी विनंती आणि मागणी यांतला फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी सांगितली होती: नकार मिळाल्यावर काय होते ते पाहा. नकार दिला म्हणून समोरच्याला दोष दिला गेला, तर शब्द कितीही गोड असोत, ती मागणीच होती.

सगळ्यांनाच आपला वाटा ठाऊक असतो असे नाही. काय बिनसले तेच कळले नसेल तर तसे लिहावे: "रविवारपासून तू शांत आहेस. काय खटकलं ते मला कळलेलं नाही, आणि मला ते ऐकायचं आहे." ओढूनताणून माफी मागण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. ज्या घरात बायको नवऱ्याला अहो-जाहो करते तिथे भाषा त्याच घराची राहावी. "तुम्हाला सवड होईल तेव्हा सांगा, मी ऐकेन" यात आदर आहे आणि मोकळीकही. एरवी कधी न वापरलेला लाडाचा शब्द किंवा पुस्तकी मराठी अशा वेळी आली की निरोप कुठून तरी उतरवून घेतल्यासारखा वाटतो.

पाठवण्याच्या वेळेलाही अर्थ असतो. भांडणानंतरच्या पहिल्या तासात काहीही पाठवू नये. ठोके वर असताना वाचलेला मजकूर वाकडाच वाचला जातो. समोरच्याने "मला थोडा वेळ दे" असे स्वतःहून म्हटले असेल तर तो वेळ संपेपर्यंत निरोपाची गरजच नाही. मध्यरात्री लिहिलेला मजकूर सकाळी वाचून मगच पाठवावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटे दुरुस्त करता येतो आणि त्यानंतरही सर्वांसाठी पुसता येतो, पण पुसल्याची खूण मागे राहते. काय लिहून पुसले असेल हा विचार मूळ मजकुरापेक्षा जास्त छळतो. निरोप फक्त त्या एका माणसाला जावा. कुटुंबाच्या गटात टाकलेले सूचक वाक्य, स्टेटसला ठेवलेली टोमणेवजा शायरी, नणंदेला किंवा मेहुण्याला "तुम्हीच समजवा" म्हणून केलेला फोन, यांमुळे गप्प बसलेल्याला आता सगळ्यांसमोर उभे राहावे लागते. मुलांना निरोप्या करणे तर पूर्णपणे टाळावे. त्यांना घरातली शांतता कळतेच; ती वाहून नेण्याचे काम त्यांचे नाही.

निरोप गेल्यानंतरचे दिवस अवघड असतात. ठाण्यातल्या त्या बायकोने बुधवारी पाठवलेल्या मजकुराला बुधवारी उत्तर आले नाही. निळ्या खुणा मात्र उमटल्या. अशा वेळी "वाचलंस ना?" हे दोन शब्द लिहिण्याचा मोह जबरदस्त असतो, आणि त्या दोन शब्दांनी आधीची सगळी मोकळीक मागे घेतली जाते. घाई नाही असे लिहिले असेल तर घाई नसल्यासारखे वागावे लागते. घरात नेहमीचे वागणे ठेवावे: चहा विचारावा, दुधाचे सांगावे, मुलाच्या वह्यांचे बोलावे. स्वतः रुसून बसू नये, आणि अंगावर येईल इतके गोडही वागू नये. विजेचे बिल, औषधे, शाळेची फी असे काही कळवायचे असेल तर ते वेगळे आणि सरळ कळवावे. त्यात "तसंही तू उत्तर देत नाहीस" असे शेपूट नको.

याच दिवसांत एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखी असते. गप्प बसलेला माणूस अनेकदा शब्दांआधी कृतीने जवळ येतो. बाजारातून तिच्या आवडीची भाजी आणतो, पंखा कमी करतो, "उद्या पाऊस सांगितलाय" असे कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणतो. गॉटमन यांनी अशा लहान हाकांची मोजणी केली होती. लग्नानंतर सहा वर्षांनी एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी प्रयोगशाळेत शंभरातल्या 86 हाकांना ओ दिली होती. वेगळ्या झालेल्या जोडप्यांनी 33 हाकांना. पावसाबद्दलच्या वाक्याला "मग छत्री बॅगेत टाकते तुझी" एवढे उत्तर पुरते. "आता बरं बोलायला सुचलं" असे उत्तर दिले की पुढची हाक यायला आणखी आठवडा जातो.

उत्तर आलेच तर ते बहुधा आखूड असते. शुक्रवारी रात्री नवऱ्याने लिहिले, "ठीक आहे. शनिवारी." तीन दिवस जिवाचा आटापिटा करणाऱ्याला हे फार कोरडे वाटते. तरी ते पूर्ण उत्तर आहे आणि तसेच घ्यावे. "बरं" म्हणावे आणि थांबावे. अंगठ्याची खूण आली तरी ती होकारच समजावी. कधी उत्तर रागाचे येते: "आता सुचलं का? सगळ्यांसमोर घालवायची ती घालवलीस." हे ऐकायला कठीण आहे, पण अबोला मोडला आहे आणि काय लागले तेही कळले आहे. त्याला फोनवरच परिच्छेदांनी उत्तर देत बसू नये. "हो. ते तुला किती लागलं ते मला ऐकायचं आहे. घरी आल्यावर बोलू या?" एवढे पुरे. टंकलेल्या भांडणात मागचे वाक्य वर सरकवून पुन्हा दाखवता येते, ते कधी विसरले जात नाही, म्हणून निरोपाचे काम भेट ठरवण्यापुरतेच ठेवावे.

सुचवलेली वेळ उत्तराविना उलटली तर एक आठवण चालते: "आज सकाळी बोलू म्हटलं होतं. तुला अजून वेळ हवा असेल तर तेवढं सांग, 'अजून नको' एवढंही चालेल." त्यानंतर तिसरा निरोप पाठवू नये. दोन निमंत्रणांनंतरचे प्रत्येक निमंत्रण पुन्हा मागणीच होते.

शनिवारी बसल्यावर आधी त्याने बोलावे हे लिहिलेले होते, म्हणून ते पाळावे लागते. त्याने सांगितले की भावाने कुणाला सांगू नको असे विनवले होते, आणि आईसमोर विषय निघाल्यावर भावाची लाज गेली असे त्याला वाटले. तिने सांगितले की रकमेपेक्षा चार दिवस कळले नाही हे तिला जास्त टोचले. अर्ध्या तासात सगळे मिटले नाही. दोन गोष्टी ठरल्या: ठरावीक रकमेच्या वरचा खर्च आधी एकमेकांना सांगायचा, आणि बोलणे असह्य झाले तर ताटावरून उठण्याआधी "मला आत्ता जमत नाही, रात्री बोलतो" एवढे म्हणायचे. परतण्याची वेळ सांगून घेतलेली शांतता समोरच्याला टोचत नाही. ती वेळ साधारण त्याच दिवसातली किंवा दुसऱ्या दिवसापर्यंतची असावी.

या सगळ्याचा उपयोग जिथे होत नाही ती जागाही ओळखता आली पाहिजे. अबोला वारंवार येतो, आठवडेच्या आठवडे टिकतो, प्रत्येक वेळी एकाच माणसाने हार मानल्यावर संपतो, आणि नंतर मूळ विषय काढलाच तर पुन्हा सुरू होतो, तर ती वश करण्याची रीत आहे. माहेरी जाणे, नोकरी, पगाराचे खाते, एखादी सही अशा गोष्टी त्यावर अडून राहत असतील तर शंका उरत नाही. तिथे मोकळीक देणारा निरोप म्हणजे त्या रीतीला आणखी वेळ देणे होते. तिथे लिहायचेच असेल तर आपली मर्यादा लिहावी: "तुला बोलायचं असेल तेव्हा मी ऐकेन. पण अबोला संपावा म्हणून मी नोकरी सोडणार नाही." पुढचे पाऊल समुपदेशकाकडे असते. कुटुंब न्यायालयांतही समुपदेशक असतात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचाही समावेश आहे. भीती वाटत असेल, मारहाण किंवा धमक्या असतील, तर आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. स्त्रियांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे.

आणखी एक शांतता अबोल्यासारखी दिसते पण अबोला नसते. माणूस जोडीदाराशीच नव्हे तर मित्रांशी, आईशी, मुलांशीही बोलेनासा होतो, झोप उडते किंवा नको तितकी येते, जेवण कमी होते, आवडीच्या गोष्टी सुटतात, आणि मागे कुठले भांडणही सापडत नाही. दोन आठवडे असेच चालले तर ते नैराश्य असू शकते. तिथे भांडणाचा, बाजूंचा, शनिवारच्या अर्ध्या तासाचा उल्लेख असलेला निरोप त्याला आणखी अपराधी करतो. "तुला बरं वाटत नाहीये असं मला दिसतंय. बोलायची गरज नाही, मी शेजारी बसते. डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी बरोबर येईन" असे लिहिणे योग्य. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि घरातल्या माणसाबद्दल काळजी वाटणाऱ्यालाही तिथे फोन करता येतो.